भाव पडला तर? पुट आणि कॉल विकल्पांची ओळख

हळदीची लागवड मे-जूनमध्ये होते आणि तिचा पैसा शेतकऱ्याच्या हाती पुढील वर्षाच्या फेब्रुवारीनंतर येतो. बेणे, शेणखत, भरणी, पाणी, काढणी, शिजवणी, वाळवणी आणि शेवटी पॉलिश, असा सारा खर्च अगोदर होऊन जातो आणि भाव मात्र माल बाजार समितीत गेल्यानंतरच कळतो. हळदीला शासनाचा हमीभाव नाही. त्यामुळे जानेवारीत चौदा हजारांचा भाव ऐकून ज्याने हिशेब मांडला, त्याच्या मालाचे एप्रिलमध्ये दहा हजार झाले तर तो फरक त्याने कोठून भरून काढावा, हा प्रश्न राहतोच. मालाची प्रत सुधारणे किंवा माल साठवून ठेवणे हे उपाय परिचित आहेत. प्रस्तुत लेखात त्याहून वेगळ्या एका साधनाचा विचार करावयाचा आहे. ते साधन म्हणजे 'विकल्प', आणि त्याचे दोन प्रकार म्हणजे 'पुट' व 'कॉल'.

ही नावे परकी असली तरी कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या कापूस बाजारात असे व्यवहार 'तेजी' आणि 'मंदी' ह्या नावांनी फार पूर्वीपासून चालत. भाव वाढेल अशा समजुतीने माल ठराविक दराने घेण्याचा हक्क विकत घेणे ही तेजी, आणि भाव उतरेल अशा समजुतीने माल ठराविक दराने देण्याचा हक्क विकत घेणे ही मंदी. आजचा कॉल म्हणजे तेजी आणि पुट म्हणजे मंदी, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. ह्या व्यवहारांत सट्टाच अधिक माजला म्हणून १९३९ साली मुंबई प्रांतात कापसातील असे व्यवहार कायद्याने बंद करण्यात आले, आणि १९५२ च्या वायदे करार नियमन कायद्याने सर्वच मालांतील विकल्पांवर बंदी आली. त्या कायद्याच्या व्याख्येत तेजी, मंदी, पुट आणि कॉल हे शब्द शेजारी शेजारी बसविलेले आहेत. पुढे २०१५ मध्ये वस्तूंच्या वायदेबाजाराचे नियमन 'सेबी'कडे आले, २०१६ मध्ये मालाच्या विकल्पांना परवानगी देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०१८ मध्ये गवारीच्या बियांवर शेतमालाचा पहिला विकल्प एनसीडीईएक्स ह्या बाजारात सुरू झाला.

इसार आणि प्रीमियम

विकल्प समजावून देताना गावातील इसाराचा दाखला देण्याचा मोह होतो. तो द्यावा, पण जपून द्यावा. समजा, बैलबाजारात एका शेतकऱ्याला साठ हजारांची जोडी पसंत पडली, परंतु पैशाची जुळवाजुळव करण्यासाठी त्याला आठ दिवस हवे आहेत. तो जोडीच्या मालकाला म्हणतो, "हे दोन हजार तुम्ही घ्या. पुढच्या बाजारापर्यंत ही जोडी दुसऱ्याला देऊ नका आणि भावही वाढवू नका. मी आलो तर साठ हजारांना घेईन. नाही आलो तर हे दोन हजार तुमचे." मालकाने हे मान्य केले तर ह्या आठ दिवसांत बांधला गेला तो फक्त मालक. घेणारा मोकळा आहे. तो येईल किंवा येणार नाही. आला तर मालकाला जोडी साठ हजारांनाच द्यावी लागेल, मग त्या दिवशी तिला कोणी सत्तर हजार देत असो. आला नाही तर त्याच्यावर कसलीही फिर्याद होऊ शकत नाही, कारण आठ दिवस मोकळे राहण्याची किंमत त्याने आधीच चुकती केली आहे.

हे दोन हजार म्हणजेच 'प्रीमियम'. नेहमीच्या इसारात आणि ह्यात दोन भेद आहेत आणि ते सभेत स्पष्ट सांगितलेच पाहिजेत. जमिनीच्या व्यवहारात इसार दिला की सामान्यतः घेणाराही बांधला जातो. विकल्पात घेणारा बांधला जात नाही. दुसरे असे की, इसार पुढे किमतीतून वजा होतो, पण प्रीमियम वजा होत नाही. जोडी घेतली तरी साठ हजार वेगळे द्यावयाचे, दोन हजार गेले ते गेलेच. ते बैलाचे पैसे नव्हते, हक्काचे होते.

आता पुट आणि कॉल ह्यांची व्याख्या सोपी होते. ठराविक मुदतीत, ठराविक भावाने माल विकण्याचा हक्क म्हणजे पुट. तसाच माल घेण्याचा हक्क म्हणजे कॉल. हा जो ठराविक भाव, त्यास ह्या लेखात आपण 'करारभाव' म्हणू. हक्क घेणारा प्रीमियम देतो आणि मोकळा राहतो. हक्क देणारा प्रीमियम घेतो आणि बांधला जातो.

एका शेतकऱ्याचा हिशेब

प्रत्यक्ष उदाहरणाशिवाय हा विषय डोक्यात बसत नाही, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. ह्यातील भाव व प्रीमियम समजण्यापुरते धरलेले आहेत. ते कोणत्याही दिवसाच्या बाजाराचे नाहीत.

वसमत तालुक्यातील एका शेतकऱ्याची सव्वादोन एकर हळद आहे. वाळवून, पॉलिश करून ५० क्विंटल माल निघेल असा त्याचा अंदाज आहे. जानेवारीत बाजारात भाव क्विंटलला १४,००० रुपये आहे. खर्च, कर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून क्विंटलमागे १२,००० हाती आले नाहीत तर वर्ष तोट्यात जाईल, असा त्याचा ठोकताळा आहे. त्याला एप्रिलच्या मुदतीचा, १३,००० करारभावाचा पुट मिळतो. प्रीमियम क्विंटलला ५०० रुपये. पन्नास क्विंटलचे २५,००० रुपये तो जानेवारीतच भरतो.

एप्रिल उजाडला आणि भाव १०,५०० वर आला असे धरू. आपला माल तो नेहमीप्रमाणे बाजार समितीत नेतो आणि त्याला १०,५०० मिळतात. परंतु त्याच्याजवळ १३,००० ने विकण्याचा हक्क आहे, आणि बाजारभाव त्याहून २,५०० ने खाली असल्यामुळे त्या हक्काचीच किंमत आता क्विंटलला २,५०० झाली आहे. तो हक्क विकून किंवा बजावून हे २,५०० त्याला मिळतात. एकूण १३,००० झाले. त्यातून आधी दिलेले ५०० वजा केले की १२,५०० उरतात. भाव ९,००० वर आला असता तरी हिशेब हाच. नऊ हजार मालाचे, चार हजार हक्काचे, पाचशे वजा, म्हणजे १२,५००. करारभावातून प्रीमियम वजा केला असता जो आकडा येतो, त्याखाली त्याचे उत्पन्न जात नाही. पुट घेण्यापूर्वी शेतकऱ्याने हाच आकडा काढावा आणि तो आपल्या खर्चाशी ताडून पाहावा.

आता उलट बाजू. एप्रिलमध्ये भाव १७,००० झाला. तेरा हजारांनी विकण्याचा हक्क अशा वेळी कोण बजावील? शेतकरी तो तसाच सोडून देतो. माल १७,००० ने विकतो, प्रीमियमचे ५०० गेले असे धरतो, आणि त्याच्या पदरी १६,५०० पडतात. वाढलेल्या भावाचा लाभ जवळजवळ पूर्णपणे त्याच्याकडेच राहतो.

तिसरी एक स्थिती आहे आणि गैरसमज नेमका तिथेच होतो. भाव १२,८०० वर थांबला. हक्काचे २०० मिळाले, पण प्रीमियम ५०० गेला होता. म्हणजे पुट घेतलाच नसता तर क्विंटलला ३०० रुपये, एकूण पंधरा हजार वाचले असते. अशा वर्षी शेतकरी म्हणतो, "माझे पैसे बुडाले." हे म्हणणे चुकीचे नाही, पैसे गेलेच आहेत. पण ज्या वर्षी आपण गोठ्याचा विमा उतरवला आणि गोठ्याला आग लागली नाही, त्या वर्षीही विम्याचा हप्ता गेलेलाच असतो. प्रीमियम भरताना तो परत येणार नाही असे समजूनच भरावा. ज्याला हे पंचवीस हजार गेल्यास जड जाईल, त्याने पुटाच्या वाटेस जाऊ नये किंवा स्वस्त करारभावाचा पुट पाहावा.

करारभाव स्वस्त किंवा महाग कसा होतो, हेही येथे सांगितले पाहिजे. त्याच एप्रिलच्या मुदतीसाठी १४,००० च्या करारभावाचा पुट कदाचित ९५० ला मिळेल आणि १२,००० चा २२० ला. जितके संरक्षण बाजारभावाच्या जवळचे, तितकी हक्काची किंमत अधिक. मुदत जितकी लांब, तितकी किंमत अधिक, कारण लांबच्या मुदतीत भाव पडण्यास वाव जास्त असतो. आणि ज्या वर्षी भाव रोज वरखाली होत असतात त्या वर्षी सगळेच प्रीमियम चढे असतात. म्हणूनच बाजार कोसळू लागल्यावर पुट घ्यावयास धावणाऱ्याला तो फार महाग पडतो. आपल्या शेतकऱ्याने बारा हजारांचा नव्हे, तेरा हजारांचा पुट निवडला तो त्याच्या ठोकताळ्यामुळे. बारा हजारांच्या पुटात २२० वजा जाऊन ११,७८० हाती राहिले असते, आणि ते त्याच्या गरजेपेक्षा कमी होते. चौदा हजारांच्या पुटात १३,०५० राहिले असते, परंतु त्यासाठी जानेवारीतच ४७,५०० रोख मोजावे लागले असते. त्या महिन्यात काढणीच्या मजुरीलाच पैसा पुरत नाही.

बंधन नसणे म्हणजे काय

"हक्क आहे, बंधन नाही" हे वाक्य ऐकावयास सोपे वाटते, परंतु त्याचे मोल संकट आल्याशिवाय कळत नाही. म्हणून तोच शेतकरी पुटाऐवजी वायदा विकतो असे धरू. वायद्यात प्रीमियम नसतो. जानेवारीत तो एप्रिलचा वायदा १४,००० ने विकतो आणि त्या भावाला बांधला जातो. भाव १०,५०० झाला तर त्याला पुटापेक्षा वायदाच लाभाचा ठरेल, कारण पूर्ण चौदा हजार पदरी पडतील आणि पाचशेही जाणार नाहीत. हे मान्य केले पाहिजे.

परंतु मार्च महिन्यात अवकाळी पाऊस झाला. हळद शिजवून वाळत घातलेली होती, ताडपत्री वेळेवर पडली नाही, आणि पन्नासपैकी तीस क्विंटल माल काळवंडला. असा पाऊस एकाच शिवारात पडत नाही. भोवतालच्या अनेक गावांचा माल बिघडला, चांगल्या हळदीचा तुटवडा झाला आणि भाव १७,००० वर गेला. वायदा विकलेल्या शेतकऱ्याची आता काय स्थिती होते ती पाहा. पन्नास क्विंटलवर क्विंटलला तीन हजार, म्हणजे दीड लाख रुपये त्याला वायद्यात भरावे लागतात, आणि तेही एप्रिलपर्यंत न थांबता, भाव जसजसा चढेल तसतसे रोजच्या रोज. चढलेल्या भावाचा फायदा घ्यावयास त्याच्याजवळ चांगला माल उरला आहे वीस क्विंटल. त्यावर साठ हजार जादा मिळतील. बाकीचे नव्वद हजार त्याने खिशातून द्यावयाचे, आणि काळवंडलेल्या तीस क्विंटलचे नुकसान वेगळेच.

पुट घेतलेल्या शेतकऱ्याच्या शिवारातही तोच पाऊस पडला. त्याचाही माल काळवंडला. परंतु त्याला कोणी पैसे मागावयास येत नाही. त्याने हक्क सोडून दिला, पंचवीस हजार गेले, आणि वीस क्विंटल चांगला माल त्याने सतरा हजारांनी विकला. पावसाने केलेले नुकसान पुट भरून देत नाही, कारण पुट भावाचा आहे, पिकाचा नाही. पण त्या नुकसानीवर दुसरे कर्ज चढत नाही. पाचशे रुपये क्विंटल दिले ते ह्यासाठी.

कॉल कोणाच्या उपयोगाचा

कॉलचा विचार थोडक्यात करू, कारण पिकविणाऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्याला त्याचा उपयोग अधिक आहे. कोंबड्या पाळणाऱ्याला खाद्यासाठी मका घ्यावा लागतो आणि मक्याचा भाव वाढला की त्याचा नफा तेथेच संपतो. समजा, त्याला तीन महिन्यांनी १०० क्विंटल मका लागणार आहे. आजचा भाव २,२०० असून २,३०० करारभावाचा कॉल क्विंटलला ६० रुपयांना मिळतो. त्याने सहा हजार रुपये भरून तो घेतला. तीन महिन्यांनी मका २,७०० झाला तर बाजारातून २,७०० ने घेतलेल्या मक्यावर हक्काचे ४०० परत मिळतात, आणि प्रीमियमसह त्याला मका २,३६० ला पडतो. मका १,९०० झाला तर हक्क सोडून द्यावयाचा. मग मका १,९६० ला पडतो. दोन्ही वेळा पिलांची पुढील खेप घालावी की नाही, हे त्याला तीन महिने अगोदर ठरविता येते.

हक्क विकणाऱ्याची बाजू

आतापर्यंत आपण हक्क घेणाऱ्याचे पाहिले. परंतु प्रत्येक हक्काला एक विकणारा असतो, आणि अलीकडे गावोगावी असे सल्लागार भेटतात की जे शेतकऱ्याला घेणारा न होता विकणारा व्हावयास सांगतात. त्यांचा युक्तिवाद गोड असतो. "प्रीमियम भरता कशाला? उलट पुट विका आणि प्रीमियम घ्या. दहापैकी सात वेळा हक्क बजावलाच जात नाही. पैसे तुमचेच."

ह्या सल्ल्याचा हिशेब करून पाहू. आपल्या हळदीच्या शेतकऱ्याने १३,००० चा पुट विकला आणि पंचवीस हजार रुपये घेतले. भाव १०,५०० झाला. आता ज्याने हक्क घेतला तो तो बजावणारच. क्विंटलला २,५०० प्रमाणे सव्वा लाख रुपये आपल्या शेतकऱ्याने द्यावयाचे. प्रीमियम वजा जाता एक लाखाचा तोटा. आणि त्याच वेळी त्याच्या घरची हळदही चौदाऐवजी साडेदहा हजारांनी विकली जात आहे, म्हणजे तेथे पावणेदोन लाखांची घट आहे. ज्या दिवशी संरक्षण हवे त्याच दिवशी त्याने दुसऱ्याला संरक्षण देण्याचे बंधन पत्करले होते. हक्क घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता मर्यादित आणि आधीच माहीत असतो, विकणाऱ्याचा नफा प्रीमियमपुरता मर्यादित असतो आणि तोटा किती होईल हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळेच विकणाऱ्याकडून बाजार अनामत, म्हणजे 'मार्जिन', घेतो आणि भाव विरुद्ध गेला की ती वाढवून मागतो. केवळ पूर्ण प्रीमियम भरून पुट किंवा कॉल घेणाऱ्यास असे मार्जिन भरावे लागत नाही. एखाद्या व्यवहारात आपल्याकडे पैसे येत आहेत की आपल्याकडून जात आहेत, हे पाहिले की आपण कोणत्या बाजूस उभे आहोत ते ओळखता येते. आरंभी पैसे येत असतील तर बंधन आपले आहे.

मालाशी काही संबंध नसताना केवळ भावावर विकल्प खेळणाऱ्यांचे काय होते, ह्याचा अंदाज शेअरबाजारावरून घेता येतो. २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरांचे वायदे व विकल्प करणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाल्याचे आढळले. गावातील तरुण मोबाईलवर जे 'ऑप्शन' करतात ते बहुतेक हेच. आपल्या पन्नास क्विंटल हळदीसाठी घेतलेला पुट आणि हा खेळ ह्यांची नावे एक आहेत, कामे एक नाहीत. शेतकऱ्याने पन्नास क्विंटलच्या मालावर दीडशे क्विंटलचे पुट घेतले तर उरलेल्या शंभर क्विंटलपुरता तोही त्याच खेळात गेला असे समजावे.

जेथे हिशेब चुकतो

वरील उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती अशी की वसमतच्या बाजारातील भाव आणि विकल्पाच्या बाजारातील भाव एकच आहे. प्रत्यक्षात तसे नसते. विकल्पाचा भाव एका ठरलेल्या प्रतीचा आणि ठरलेल्या केंद्रावरचा असतो. आपल्या मालात ओल जास्त असेल, कणी अधिक असेल किंवा केंद्र दूर असेल तर आपल्याला मिळणारा भाव त्याहून कमी असतो. एप्रिलमध्ये तेथील भाव १०,५०० असताना वसमतला आपल्या प्रतीस ९,९०० च मिळाले, तर हक्काचे मात्र २,५०० च मिळतील. बेरीज करून प्रीमियम वजा केला तर ११,९०० हाती येतात, १२,५०० नव्हे. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या बारा हजारांच्या रेषेखाली शंभर रुपये. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्याला सल्ला देण्यापूर्वी मागील दोनतीन हंगामांतील दोन्ही ठिकाणचे भाव एका वहीत शेजारी शेजारी मांडून काढावेत. फरक दरवर्षी साधारण सारखाच राहत असेल तर तो आधीच वजा धरता येतो. फरक एखाद्या वर्षी दोनशे आणि एखाद्या वर्षी पंधराशे असा उडत असेल, तर त्या गावासाठी तो पुट फारसा उपयोगाचा नाही.

मुदतीकडेही असेच पाहावे. आपला माल मार्चअखेर तयार होणार आणि पुटाची मुदत फेब्रुवारीत संपणार, असा पुट स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हक्काला काहीही किंमत उरत नाही. भाव जागच्या जागी असला तरी मुदत जवळ येईल तसा प्रीमियम झिजत जातो. जानेवारीत पाचशेला घेतलेला पुट, भाव चौदा हजारच राहिला तर मार्चमध्ये दोनशेलाही विकला जाणार नाही. उलट, भाव लवकर पडला आणि आपला माल त्याच सुमारास विकून झाला, तर मुदतीची वाट न पाहता पुटही त्याच दिवशी विकून टाकावा. माल गेल्यावर संरक्षण कशाचे करावयाचे?

पुट विकून टाकणे हाच मार्ग सामान्य शेतकऱ्यास सोयीचा आहे, ह्याचे आणखी एक कारण आहे. काही विकल्प थेट मालावर असतात आणि काही वायद्यावर असतात. वायद्यावरील पुट मुदतीपर्यंत ठेवून बजावला तर शेतकऱ्याच्या नावावर करारभावाने विकलेला वायदा चढतो. म्हणजे ज्या बंधनापासून दूर राहण्यासाठी प्रीमियम दिला, ते बंधन आणि त्याचे मार्जिन शेवटच्या दिवशी दारात येऊन उभे राहते. व्यवहार करण्यापूर्वीच दलालास विचारावे : हा विकल्प मालावर आहे की वायद्यावर, शेवटचा दिवस कोणता, आणि त्या दिवशी आपण काही कळविले नाही तर काय होईल. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पुट विकावयास जाताना घेणारा मिळाला पाहिजे, ही अडचणही लहान नाही. शेतमालाच्या विकल्पांत व्यवहार पुष्कळदा फार थोडे होतात. बाजाराच्या पडद्यावर घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव असे दोन आकडे दिसतात. घेणारा ४०० देतो आणि विकणारा ६०० मागतो असे दिसले, तर घेताच क्षणी दोनशे रुपये गेले असे समजावे. एक बाजू रिकामी असेल तर त्या विकल्पाकडे न वळलेले बरे.

शिवाय कोणत्या मालावर विकल्प चालू आहेत ही यादी कायम नसते. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने हरभरा, गहू, बिगर-बासमती भात, मूग, मोहरी, सोयाबीन आणि कच्चे पामतेल ह्यांच्या वायदे-विकल्प व्यवहारांस स्थगिती दिली आणि ती नंतर वाढविण्यात आली. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनवाल्यास हा मार्ग ऐन गरजेच्या वर्षांत बंद होता. आपल्या मालावर विकल्प आज आहे की नाही, हे नोंदणीकृत दलालाकडून किंवा बाजाराच्या कार्यालयाकडून दर हंगामाच्या आरंभी विचारून घ्यावे.

व्यवहाराचा लहानात लहान गट पुष्कळदा काही टनांचा असतो. दहा क्विंटलवाल्यास पन्नास क्विंटलचा पुट घेणे म्हणजे चाळीस क्विंटलचा खेळ खेळणे होय. अशा पाच शेतकऱ्यांनी आपल्या उत्पादक कंपनीमार्फत एकत्र यावे आणि कंपनीने सर्वांच्या वतीने एक पुट घ्यावा, हे शक्य आहे. मात्र प्रत्येकाचा माल किती, प्रीमियमचा वाटा किती आणि हक्काचे पैसे आल्यास कोणास किती द्यावयाचे, हे जानेवारीतच कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. भाव चढून पुट सोडून द्यावा लागला त्या वर्षी "मी घ्या म्हटलेच नव्हते" असे म्हणणारे सभासद हमखास निघतात, आणि तेव्हा तो कागद काढून दाखवावा लागतो.